घटनेची नोंद: ‘कॅमेऱ्यात दिसलं असतं का?’

ऑफिसात कुणी गैरवर्तन केलं की आपण लिहितो, “ते दारू पिऊन आले आणि मुद्दाम तिचा अपमान केला.” चौकशीत अशी नोंद पहिल्याच प्रश्नाला कोसळते, कारण पिताना कुणीच पाहिलेलं नसतं.

त्याच दिवशी लिहायला बसा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे कॅमेऱ्यात दिसलं किंवा ऐकू आलं असतं का? नसेल तर ते वाक्य मोडून पाहिलेलं तेवढंच ठेवा. वरचं वाक्य मग असं होतं: “११.२० वाजता, मीटिंग रूम. बोलताना शब्द अडखळत होते, तोंडाला दारूसारखा वास येत होता. मी दोन फुटांवर होतो. ते तिला म्हणाले, ‘तुला अक्कल नाही.’ समोर आणखी दोघे होते.” (वास कॅमेऱ्यात येत नाही, पण तो स्वतः घेतलेला अनुभव आहे, म्हणून चालतो.)

“मुद्दाम”, “नेहमी”, “रागाने” हे शब्द दिसले की थांबा. रागाने म्हणजे काय? आवाज चढला, की फाइल आपटली? तेच लिहा. शिवी असेल तर जशीच्या तशी, सौम्य न करता. दुसऱ्याकडून कळलेलं “अमुक यांनी मला सांगितलं” असंच नोंदवा.

नंतर काही आठवलं तर जुनी नोंद खोडू नका. खाली नवी तारीख-वेळ घालून जोडा.