दातांवरून मुलाचे वय ठरवताना या चुका टाळा

जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला नसेल, तेव्हाच बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ नुसार वैद्यकीय वयनिश्चितीकडे वळले जाते. त्या वेळी सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे तोंडात दिसणारा दात. दात हिरडीबाहेर केव्हा येईल हे वयाप्रमाणेच जागेच्या कमतरतेवर आणि दुधाच्या दाताच्या स्थितीवरही अवलंबून असते. मूळ तयार होण्याची प्रक्रिया मात्र या गोष्टींनी फारशी विचलित होत नाही. म्हणून निव्वळ आरसा घेऊन केलेली तपासणी पुरेशी मानू नये, ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढावाच.

समजा, एका मुलाच्या खालच्या डाव्या बाजूची दुसरी उपदाढ बाहेर आली आहे. उद्भेदनाच्या, म्हणजे दात बाहेर येण्याच्या वयाच्या तक्त्यानुसार त्याचे वय ११ ते १२ वर्षे ठरेल. पण उजवीकडे त्याच जागी दुधाची दाढ अजून शाबूत आहे, आणि ओपीजीत दोन्ही बाजूंच्या उपदाढांचे मूळ मुकुटाच्या, म्हणजे दाताच्या मुळावरील भागाच्या उंचीपेक्षा आखूडच दिसते. डावीकडची दुधाची दाढ किडून पू झाल्याने हाड झिजले आणि खालचा दात वेळेआधी वर आला, असा याचा अर्थ. दुसऱ्या दाढेचे मूळही नुकतेच सुरू झालेले असेल, तर वय ९ च्या आसपास धरणे योग्य. दोन्ही बाजूंची तुलना केली की ही चूक लगेच उघड होते.

दुसरी चूक टप्पे वाचताना होते. डेमिर्जियन यांच्या १९७३ च्या पद्धतीत खालच्या डाव्या बाजूच्या सात दातांना विकासानुसार ए ते एच असे टप्पे देतात, आणि त्या टप्प्यांच्या गुणांची बेरीज तक्त्यात पाहून वय काढतात. मूळ मुकुटाहून आखूड असेल तर ई, मुकुटाएवढे किंवा लांब असेल तर एफ. ही तुलना त्याच दाताच्या मुकुटाशी करायची असते, मिलिमीटरमध्ये मोजायचे नसते, कारण ओपीजीत प्रतिमा मोठी होते. शंका असल्यास आधीचा टप्पा द्यावा. मुलामुलींचे तक्ते वेगळे आहेत, आणि घाईत चुकीचा तक्ता उघडला जाणे वाटते तितके दुर्मीळ नाही. शिवाय मूळ तक्ते फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून बनलेले असल्याने भारतीय मुलांच्या अनेक अभ्यासांत त्यांनी वय जास्त दाखवले आहे.

खरा घोटाळा १६ च्या पुढे होतो. सातही दातांच्या मुळांची टोके बंद झाली की एकूण गुण १०० होतात, आणि काही जण तेथे सरळ '१६ वर्षे' असे लिहून मोकळे होतात. वास्तविक तक्ता तेथे संपतो, मुलाचे वय नव्हे. १७ व्या वर्षीही गुण १०० आणि २५ व्या वर्षीही १००च. अशा वेळी उरते ती अक्कलदाढ, पण ती काहींना नसतेच, आणि असली तरी तिचा विकास व्यक्तीगणिक फार बदलतो. तिचे टोक उघडे दिसले म्हणून अठराच्या आत, किंवा बंद झाले म्हणून अठरापार, असा निर्वाळा देता येत नाही.

त्यामुळे अहवालात एकच आकडा न देता वयाची किमान व कमाल मर्यादा द्यावी. लहान वयातही साधारण दोन वर्षे मागेपुढे होऊ शकतात, आणि कोणती पद्धत व कोणता तक्ता वापरला हे त्याच ओळीत नोंदवावे.