रिकाम्या खोलीत रेकॉर्ड झालेला आवाज घुमतोय? तो सुधारायचा कसा

रेकॉर्डिंग झालं आहे, बोलणारा माणूस पुन्हा मिळणार नाही, आणि फाइल ऐकली तर प्रत्येक शब्दामागे खोली बोलते आहे. अशा फाइलचं काय करायचं, हा या लेखाचा मुख्य विषय आहे. पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य असेल तर शेवटचा भाग आधी वाचा, कारण माइक दोन वीत पुढे सरकवून जे साधतं ते दोन तासांच्या संपादनातून साधत नाही.

सोयीसाठी एक खोली डोळ्यांसमोर ठेवू. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 3 मीटर उंच. प्लास्टर केलेल्या भिंती, खाली फरशी, आत एक टेबल आणि खुर्ची. माइक तोंडापासून 60 सेंटीमीटरवर. अशा खोलीत मधल्या पट्टीतला आवाज 60 डेसिबलने खाली यायला साधारण 2 सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला अदमासे 30 डेसिबल. ऐकायला हा वेग बरा वाटतो, पण बोलण्यात दोन अक्षरांमधलं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं असतं. तेवढ्या वेळात आधीच्या अक्षराची घुमण जेमतेम 6 डेसिबलने उतरलेली असते. पुढचं अक्षर तिच्यावरच येऊन पडतं.

म्हणूनच आवाजातला पंख्याचा हूं काढणारं नॉइज रिडक्शन इथे चालत नाही. ते एकसारख्या, न बदलणाऱ्या आवाजाचा नमुना घेतं आणि तो वजा करतं. घुमण मात्र बोलण्यापासूनच बनलेली असते आणि दर अक्षराला बदलते. तिचा नमुना घ्यायला फाइलमध्ये एकही जागा नाही. जोर लावून तसा प्रयत्न केला तर घुमण राहते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आधी ऐका, मग हात लावा

मूळ फाइलची प्रत करून ती डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. एमपी3 पुन्हापुन्हा साठवली की शेवटी नेमकी घुमणीचीच शेपटं खरबरीत होतात. हेडफोन लावा आणि वाक्य संपून माणूस थांबला आहे अशी एक जागा शोधा. ‘झालं’, ‘होतं’ अशा शब्दानंतरची शांतता उत्तम. ती जागा पुन्हापुन्हा वाजवा. यापुढचा प्रत्येक बदल याच जागेवर आणि शिवाय एखाद्या भरभर बोललेल्या वाक्यावर तपासायचा आहे. थांबलेल्या जागेवर शेपूट कळतं, भरभर वाक्यावर नुकसान कळतं.

ऐकताना दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, शब्दामागे लांबत जाणारं शेपूट. दुसरी, खुद्द शब्दालाच चढलेला डबडबीत, डब्यातून आल्यासारखा रंग. या दोघींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि दुसरी पूर्णपणे कधीच जात नाही. भिंतीवरून पहिल्या काही मिलिसेकंदांत परतलेला आवाज मूळ आवाजात इतका मिसळलेला असतो की तो सोडवून काढायला धागाच सापडत नाही.

पहिली पायरी: खालचा गडगडाट उतरवणे

आपल्या खोलीत रुंदी आणि उंची दोन्ही 3 मीटर आहेत. 3 मीटरवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 57 हर्ट्झचा आवाज अडकून फुगतो, आणि त्याची दुप्पट 114 हर्ट्झही. इथे छत आणि फरशीही त्याच आकड्यांवर फुगवतात, म्हणून परिणाम दुहेरी. पुरुषी आवाजाचा पाया बऱ्याचदा 114 च्या आसपासच असतो. त्यामुळे ठराविक स्वर आला की खोली हुंकार देते.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये High-Pass Filter उघडून 80 हर्ट्झ ठेवा. मग Filter Curve EQ मध्ये 114 जवळ 3 ते 4 डेसिबलचा अरुंद खड्डा करा आणि 200 ते 350 च्या पट्ट्यात 2 ते 3 डेसिबल हलकेच उतरवा. तुमच्या खोलीचा आकडा काढायचा असेल तर 343 ला भिंतींमधल्या मीटरच्या दुपटीने भागा, आणि आलेल्या आकड्याची दुप्पटही तपासा. आवाज पातळ, कागदी वाटायला लागला की जास्त झालं, एक डेसिबल परत द्या.

दुसरी पायरी: शेपूट दाबणे

यासाठी डी-रिव्हर्ब नावाचं प्लगइन लागतं. ऑडॅसिटीत ते मुळात नसतं, वेगळं बसवावं लागतं. बरीचशी अशी प्लगइन्स एकाच तत्त्वावर चालतात: प्रत्येक कंप्रतेच्या पट्टीत नुकताच किती आवाज होऊन गेला ते पाहायचं, त्यावरून आत्ता त्याची किती घुमण शिल्लक असेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढं कमी करायचं. अंदाज चुकला की पुढच्या शब्दाचा अंश कापला जातो. सगळ्यात आधी बळी जातात ती हळू बोललेली व्यंजनं: ‘ह’, शब्दाअखेरचा ‘त’, ‘स’.

म्हणून शेपटाची लांबी विचारणारं बटण असेल तर ते खोलीच्या घुमणीच्या वेळेजवळ, 1.5 ते 2 सेकंदांवर ठेवा, आणि दाबण्याचं प्रमाण शून्यापासून चढवत न्या. घुमण पूर्ण जाईपर्यंत वाट पाहू नका. साधारण 8 ते 10 डेसिबल उतरली की थांबा.

किती जास्त झालं हे ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे, आणि मी ती कधी टाळत नाही. प्लगइनमध्ये फक्त काढलेला भाग ऐकवायची सोय असेल तर ती लावा. नसेल तर फिल्टर केलेला ट्रॅक दोनदा ठेवा, एकाला डी-रिव्हर्ब लावा, दुसऱ्याला Invert लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे ऐकू येतं तेच तुम्ही फाइलमधून काढून टाकलं. त्यात धूसर, शब्द नसलेली घुमण असेल तर काम नीट चाललं आहे. त्यात वाक्य समजू लागलं, तर तुम्ही बोलणंच काढून टाकत आहात. प्रमाण कमी करा. दोन्ही ट्रॅक तंतोतंत एका वेळी सुरू होत असतील तरच ही चाचणी खरी ठरते, म्हणून प्लगइनने फाइल किंचित मागे सरकवलेली नाही ना, हे आधी पाहून घ्या.

तिसरी पायरी: थांब्यांमधली शांतता

आता Noise Gate, म्हणजे ठरवलेल्या पातळीखाली गेलेला आवाज दाबणारी सोय. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या फाइलमध्ये बोलण्याची शिखरं −12 डेसिबलवर आहेत असं धरू. मूळ फाइलमध्ये वाक्य संपल्यावर अर्ध्या सेकंदाने शेपूट −27 च्या आसपास असेल, आणि हळू बोललेले शब्दांचे शेवटही तिथेच असतात. गेटला फक्त पातळी कळते. त्याने शेपूट कापलं की शब्दही कापले जातात. डी-रिव्हर्बनंतर तेच शेपूट −35 ते −37 वर येतं, आणि मग दोघांमध्ये रेघ मारायला जागा होते.

```
Gate threshold (dB): -32
Level reduction (dB): -10
Attack (ms): 10
Hold (ms): 150
Decay (ms): 300
```

Level reduction −10 च का? पूर्ण शांतता केली तर प्रत्येक थांब्यावर खोली दार आपटल्यासारखी बंद होते, आणि पुढच्या शब्दाबरोबर पुन्हा उघडते. ती उघडझाप मूळ घुमणीपेक्षा जास्त टोचते. शेपूट राहू द्या, फक्त लवकर उतरू द्या. शब्दांचे शेवट तुटत असतील तर Hold वाढवा, तरीही तुटत असतील तर थ्रेशोल्ड 2 डेसिबलने खाली घ्या. फाइलमध्ये पंख्याचा एकसुरी आवाज असेल तर त्याचं नॉइज रिडक्शन गेटच्या आधी उरकून घ्या.

यानंतर आवाज वाढवायचा मोह होतो, आणि इथेच केलेलं काम वाया जाऊ शकतं. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, त्याबरोबर दाबून ठेवलेलं शेपूटही. 2:1 पेक्षा जास्त कॉम्प्रेशन देऊ नका आणि ते नेहमी शेवटी द्या. कॉम्प्रेशन केलेली फाइल मिळाली असेल आणि मूळ फाइल कुणाकडे असेल, तर आधी ती मिळवा.

शेवटी काय हाती येतं? आपल्या या खोलीतल्या फाइलमध्ये बोलणं स्पष्ट समजेल, थांबे स्वच्छ होतील, पण माणूस खोलीत बसला आहे हे कळत राहील. पार्श्वभूमीला अगदी मंद संगीत दिलं तर उरलेली शेपटं त्याखाली झाकली जातात.

पुन्हा रेकॉर्ड करता येत असेल तर

थेट आवाज आणि खोलीची घुमण समसमान ऐकू येतात ते अंतर या खोलीत, समोरचं जास्त ऐकणारा कार्डिऑइड माइक धरला तर, साधारण 40 सेंटीमीटर भरतं. 60 वर खोली वरचढ होते. घुमणीची पातळी खोलीभर जवळपास सारखीच असते, पण अंतर निम्मं केलं की थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो. 60 वरून 15 वर आलात की 12 डेसिबलचा फरक पडला, तोही एकही व्यंजन न गमावता. इतक्या जवळ ‘प’, ‘फ’ची फुंकर माइकवर आदळते, म्हणून पॉप फिल्टर लावा आणि माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा बाजूला ठेवा.

दुसरं काम खोलीत मऊ वस्तू आणण्याचं. खोलीच्या घुमणीचं गणित बसवणाऱ्या वॉलेस सॅबिन यांनी 1895 नंतर हार्वर्डमध्ये केलेले प्रयोगही नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणूनच केले होते. आपल्या खोलीत 8 चौरस मीटर जाड रजया आणि गाद्या उभ्या केल्या तर 2 सेकंदांची घुमण 1 सेकंदाच्या आत येते.

त्या कुठे ठेवायच्या यात हमखास गफलत होते. कार्डिऑइड माइक पाठीमागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकतो. त्याच्या समोर तुम्ही आहात आणि तुमच्या मागे उघडी भिंत. म्हणून पहिली रजई तुमच्या पाठीमागे, माइकच्या मागे नव्हे. तिला भिंतीला चिकटवू नका. भिंतीपासून 10 सेंटीमीटर सोडलेली रजई साधारण 850 हर्ट्झपासून वर नीट शोषते, 30 सेंटीमीटर सोडलेली 285 पासून. पातळ फोम थेट भिंतीवर चिकटवला तर फक्त वरची चकाकी जाते आणि खालचा डबडबीतपणा तसाच राहतो, तेव्हा खोली आधीपेक्षाही कोंदट वाटते. अंड्यांचे ट्रे तर जवळजवळ काहीच करत नाहीत.

रजई लावल्यावर तुमच्या बसण्याच्या जागेवर एक टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ असा थरथरता आवाज आला तर दोन समांतर भिंती अजून एकमेकींकडे आवाज टोलवत आहेत. त्यांपैकी एकीवर, तुमच्या डोक्याच्या उंचीला, आणखी एक रजई टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा.