ईडीआरसाठी बजेट मागताना: एका पानाचा मेमो कसा लिहावा

छोट्या कंपनीत ईडीआरचा, म्हणजे प्रत्येक संगणकावरच्या संशयास्पद हालचाली टिपून तो संगणक नेटवर्कपासून तोडू शकणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मेमो बहुधा एकाच प्रश्नावर अडतो: "हल्ला होईलच कशावरून?" याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून मेमोत शक्यता सांगत बसू नका. किती वर्षांत एक हल्ला झाला तर खर्च वसूल होतो, ते सांगा.

आधी यंत्रं मोजा. खरेदीच्या यादीवर विसंबू नका, प्रत्यक्ष नेटवर्कवर काय दिसतं ते पाहा. सर्व्हर आणि घरी नेलेले लॅपटॉप हमखास सुटतात. ज्या जुन्या यंत्रांवर एजंट, म्हणजे ईडीआरचा संगणकावर बसवायचा भाग, बसतच नाही, ती वेगळी लिहा.

मग नुकसान 'कामाच्या दिवसांत' मोजा. एक दिवस म्हणजे कंपनीची एका दिवसाची कमाई. मालकाला ही भाषा लगेच कळते.

समजा 40 यंत्रं आहेत. रॅन्समवेअर सगळीकडे पसरलं, तर बॅकअपवरून उभं राहायला 8 दिवस जातील आणि साफसफाईचा खर्च 4 दिवसांच्या कमाईइतका होईल. एकूण 12. हा 8 चा आकडा अंदाजाने लिहू नका. एक सर्व्हर खरोखर रिस्टोअर करून वेळ लावा. हल्ला एक-दोन यंत्रांवरच अडवला, तर नुकसान 3 दिवसांचं. पण ईडीआर दर वेळी अडवेलच असं नाही. तीनपैकी दोनदा अडवेल असं धरलं, तर सरासरी नुकसान 6 दिवसांवर येतं. म्हणजे दर हल्ल्यामागे 6 दिवस वाचतात.

आता खर्च, तोही दिवसांच्या कमाईतच. लायसन्स वर्षाला 0.4 दिवस, आणि अलर्टवर चोवीस तास लक्ष ठेवणारी बाहेरची सेवा आणखी 0.4. ही दुसरी रक्कम गाळायचा मोह होतो, पण हल्लेखोर बरेचदा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी हात घालतात. शनिवारी रात्री आलेला अलर्ट सोमवारी वाचला, तर 'तीनपैकी दोनदा' हे गृहीतकच कोसळतं.

वर्षाचा खर्च 0.8, वाचतात 6, भागाकार साडेसात. मेमोचं पहिलं वाक्य यावरूनच लिहा:

"40 यंत्रांसाठी देखरेखीसह ईडीआरला मंजुरी हवी आहे. साडेसात वर्षांत असा एक हल्ला जरी झाला, तरी खर्च भरून निघतो."

खाली गृहीतकं उघड मांडा. अडवण्याचं प्रमाण तीनपैकी एकदाच धरलं, तर फक्त 3 दिवस वाचतात आणि साडेसातची पावणेचार वर्षं होतात, हेही लिहा. वित्त विभाग हा हिशेब करणारच, तो तुमच्याकडूनच आलेला बरा.

ईडीआर काय करत नाही, त्यालाही दोन ओळी द्या: चोरलेल्या पासवर्डने कुणी थेट क्लाउडवरच्या मेलमध्ये शिरलं, तर संगणकावरच्या एजंटला बहुधा पत्ताही लागत नाही.

शेवटी पूर्ण रकमेऐवजी आधी 30 दिवसांची चाचणी मागा: सर्व्हर आणि हिशेबाची यंत्रं, सुरुवातीला फक्त नोंद घेण्याच्या मोडमध्ये. पहिल्या दिवसापासून ब्लॉक करायला लावलंत आणि पगाराचं सॉफ्टवेअर अडकलं, तर मंजुरी विसरा.