रुपयांत पैसे भरले आणि दोनदा भुर्दंड बसला

गुजरीतल्या आमच्या दुकानासाठी चांदीकामाच्या पकडी आणि करवतीची पाती मी एका अमेरिकी संकेतस्थळावरून मागवली. किंमत १२० डॉलर होती, आणि पैसे भरताना पडद्यावर १०,७१० रुपये आधीच निवडलेले होते. हिशेब सोपा राहील म्हणून मी तेच स्वीकारले.

महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये त्याखाली १०७ रुपये १० पैसे शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी अशी आणखी एक नोंद होती. बँकेत विचारले तेव्हा कळले की रक्कम रुपयांत असली तरी विक्रेता परदेशी असल्यामुळे माझ्या कार्डावर १ टक्का शुल्क लागते. शिवाय त्या दिवशीच्या ८५ रुपये दराने १२० डॉलरचे १०,२०० रुपयेच होत होते. म्हणजे रूपांतर करणाऱ्याने आपल्या दरात ५ टक्के आधीच मिसळले होते. एकूण १०,८३६ रुपये गेले.

पुढच्या वेळी मी चलनाच्या चौकटीत ‘USD’ निवडले. डॉलरमधल्या खरेदीवर माझ्या कार्डाची बँक लावते तो जादा आकार, म्हणजे मार्कअप, ३.५ टक्के आहे आणि जीएसटी फक्त त्या मार्कअपवर लागतो, त्यामुळे त्याच दराने तेवढ्याच मालाला १०,६२१ रुपये पडले असते. प्रत्यक्षात व्यवहार बँकेकडे पोहोचतो त्या दिवसाचा दर लागतो, म्हणून थोडा फरक पडतोच. स्टेटमेंटमध्ये डॉलरची रक्कम दिसली, की रूपांतर विक्रेत्याकडे झालेले नाही हे ओळखता येते.