वाचकांचे ईमेल हवेत? मग फॉर्म साइडबारमधून बाहेर काढा

ब्लॉग आहे, ईमेल पाठवायच्या सेवेवर खातं आहे, असं धरून चालते. माझा ब्लॉग गच्चीवरच्या बागेचा, त्यामुळे उदाहरण तिथलंच.

आधी गूगलचं सर्च कन्सोल उघडून शोधातून सर्वांत जास्त वाचक आणणारा एकच लेख निवडा. माझा निघाला ‘जास्वंदीवरचा मिलीबग’.

आता ईमेलच्या बदल्यात फुकट द्यायची फाइल. मी पहिल्यांदा ‘संपूर्ण बागकाम’ नावाचं साठ पानी ई-पुस्तक केलं. रात्री जागून. ते कोणी मागेना, आणि चूक माझीच होती. जास्वंदीची पांढरी पडलेली फांदी हातात धरून बसलेल्या माणसाला संपूर्ण बागकाम नको असतं. मिलीबग ही कीड एका फवारणीत जात नाही. उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावं लागतं. आणि हेच माणूस विसरतो. मग मी चार आठवड्यांचा एक पानी तक्ता केला: लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, फवारणी उन्हं उतरल्यावर, शेजारी तारखेचे चौकोन. ए-फोर आकार, काळा-पांढरा, फोनवरही वाचता येईल एवढी अक्षरं. लेख वाचून झाल्यावर जे काम उरतं, त्या कामाचा कागद द्यायचा.

फॉर्मच्या जागेने मात्र मला फार छळलं. सगळे सांगतात म्हणून मी तो साइडबारमध्ये टाकला. संगणकावर छान दिसायचा. एकदा भाचीच्या फोनवर ब्लॉग उघडला, तर साइडबार लेखाच्या, प्रतिक्रियांच्या आणि ‘हेही वाचा’च्याही खाली जाऊन पडलेला! बहुतेक थीम फोनवर हेच करतात. माझे बरेचसे वाचक फोनवरचे. तिथवर कोण जाणार?

मग पॉप-अप लावला, पान उघडताच येणारा. तो तर त्याहून वाईट. अजून एक ओळ वाचली नाही, त्या माणसाकडे पत्ता काय मागायचा? शिवाय शोधातून आलेल्या वाचकाच्या फोनवर मजकूर झाकणारी पानं निकालांत खाली जाऊ शकतात, असं गूगलने जानेवारी 2017 पासून लागू केलं आहे. ज्या लेखातून वाचक मिळतात, त्याच्याच पायावर धोंडा. पॉप-अप लावूच नका.

फॉर्म लेखाच्या आत हवा, गरज जागी होते त्या ओळीखाली. माझ्या लेखात ती ओळ अशी: ‘हीच फवारणी दर सात दिवसांनी, चार वेळा करा.’ इथे वाचकाच्या मनात येतंच, की हे लक्षात कसं ठेवू? लगेच खाली फॉर्म: ‘तारखा भरायचा तक्ता ईमेलवर मागवा.’ तोच फॉर्म पुन्हा लेखाच्या शेवटी. तिसरा नको.

रकाना फक्त ईमेलचा. नाव विचारलंत की कोणी ‘abc’ लिहितं आणि तुमचं पत्र ‘प्रिय abc’ म्हणून जातं. बटणावर ‘सबस्क्राइब करा’ नको, ‘तक्ता पाठवा’ लिहा. बटणाखाली खरं काय ते सांगा: ‘सोबत दर पंधरा दिवसांनी बागेचं एक पत्र येईल, नको वाटलं तर एका क्लिकवर बंद.’ हे लपवलंत तर पुढचं पत्र लोक स्पॅममध्ये ढकलतात.

तक्ता पानावर लगेच उघडू नका, ईमेलनेच पाठवा; नाहीतर खोटे पत्ते गोळा होतात. आधी पत्त्याची खात्री करून घेणारं पत्र जातं. ते बहुधा ‘Confirm your subscription’ अशा इंग्रजी विषयाने येतं आणि मराठी वाचक जाहिरात समजून सोडून देतो. विषय बदला: ‘मिलीबगचा तक्ता: इथे दाबा.’ पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा ठेवू नका. दुसऱ्या सेवेमार्फत जीमेलच्या पत्त्याने गेलेलं पत्र पडताळणीत नापास होतं आणि स्पॅममध्ये जाऊ शकतं. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या आणि पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या, सेवा सांगेल त्या एसपीएफ व डीकेआयएमच्या नोंदी डोमेनला जोडा. फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या पानावर पत्राचा विषय आणि ‘प्रमोशन्स, स्पॅमही बघा’ एवढं लिहा.

महिन्याने आकडे बघा. समजा हजार जणांनी लेख वाचला, तिघांनीच फॉर्म भरला: तक्ता किंवा जागा चुकली. तीस जणांनी भरला पण बाराच जणांनी खात्री केली: फॉर्मला हात लावू नका, बिघाड पत्रात आहे. अठ्ठावीस जणांनी खात्री केली, तर दुसरा लेख घ्या आणि त्याच्यासाठी वेगळा कागद करा. माझा पुढचा होता कुंडीतल्या मातीच्या मिश्रणाचा.