फिटनेसची निळी रेष खाली आली म्हणून घाबरू नका: पीएमसी वाचताना या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, दोन आठवडे उरले होते आणि सातपूरला शिफ्टमध्ये काम करणारा माझा राईडमधला मित्र रोज संध्याकाळी गंगापूर धरणाकडे जाऊन येत होता. सकाळची ठरलेली राईड झालेली असायची, तरीही. विचारलं तर म्हणाला, "अरे, आज गेलो नाही तर सीटीएल 58 वरून 57 वर येईल. इतके महिने घालून वर आणलीय ती रेष."

ही एक वाक्याची भीती मी नाशिकच्या कितीतरी सायकलस्वारांमध्ये पाहिली आहे, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

ही रेष पीएमसीवरची, म्हणजे ट्रेनिंग ॲपमधल्या फिटनेस, थकवा आणि फॉर्म दाखवणाऱ्या ग्राफवरची. आधी त्या रेषा काय आहेत ते बघू. प्रत्येक राईडला टीएसएस नावाचे गुण मिळतात. तासभर जास्तीत जास्त जितकी पॉवर टिकवता येते ती तुमची एफटीपी, आणि त्या पॉवरवर एक तास चालवलं की 100 गुण. या रोजच्या गुणांची साधारण 42 दिवसांची सरासरी, ज्यात अलीकडच्या दिवसांना जास्त वजन असतं, ती सीटीएल. तिलाच ग्राफवर फिटनेस म्हणतात. तशीच 7 दिवसांची सरासरी म्हणजे एटीएल, अर्थात थकवा. कालच्या फिटनेसमधून कालचा थकवा वजा केला की आजचा फॉर्म, टीएसबी: अधिक म्हणजे ताजे, उणे म्हणजे थकलेले.

म्हणजे निळी रेष तुमचं हृदय, फुफ्फुसं किंवा मांड्या मोजत नाही. तुम्ही किती काम केलंत त्याची ती सरासरी आहे. नाव फिटनेस असल्यामुळे फसगत होते. आठवडाभर सायकलला हातही लावला नाही तर 58 ची सीटीएल साधारण 49 वर येते, पण तुमची ताकद काही तेवढ्या दिवसांत सातवा हिस्सा कमी होत नाही.

रेष टिकवण्यासाठी राईड करणं

आता मित्राचाच हिशोब मांडतो. दोन आठवडे आधीच्या रविवारी रात्री त्याची सीटीएल 58, एटीएल 80, म्हणून फॉर्म उणे 22. इथून टेपर करायचा होता, म्हणजे राईड हळूहळू कमी करायच्या होत्या: पहिल्या आठवड्यात रोज सरासरी 40 गुण, दुसऱ्यात शनिवारपर्यंत रोज सरासरी 25. तसं केलं असतं तर बीआरएमच्या सकाळी सीटीएल साधारण 51, एटीएल 36-37 आणि फॉर्म अधिक 14 च्या आसपास आला असता. सीटीएल 7 ने उतरली, पण थकवा 43 ने उतरला. तयारीच्या शेवटच्या टप्प्यात हाच सौदा करायचा असतो, कारण थकव्याची रेष लवकर पडते आणि फिटनेसची हळू.

त्याने काय केलं? सीटीएल 58 वर धरून ठेवायची तर रोज सरासरी 58 गुण लागतातच. म्हणून त्या संध्याकाळच्या राईड. स्टार्टच्या दिवशी त्याचा फॉर्म उणे 3 होता. निळी रेष सरळ होती, दिसायला छान.

परतीच्या वाटेवर कसारा घाटात पाय आलेच नाहीत. मी त्याच्या मागेच होतो. एरवी त्या चढावर त्याची नाडी 160 ला जाते. त्या दिवशी जीव तोडून चालवत होता तरी ती 145 च्या वर सरकेना, आणि पॉवरही पडलेली. जोर खूप लागतोय पण नाडी वर येत नाही, ही साचलेल्या थकव्याची ओळखीची खूण आहे. साडेतेरा तासांची मुदत त्याने गाठली, पण जेमतेम.

संध्याकाळी दिवा लावून राईडला निघताना स्वतःला एकच गोष्ट विचारा: ही राईड आधीपासून ठरलेली होती, की ग्राफ उघडल्यावर ठरली? ग्राफ बघून ठरली असेल तर सायकल परत भिंतीला टेकवा.

जुन्या एफटीपीवर विश्वास ठेवणं

सगळे गुण एफटीपीवरून निघतात आणि चूक वर्गाने वाढते. समजा, तुमची खरी एफटीपी 220 वॅट झाली आहे, पण ॲपमध्ये अजून 200 आहे. 150 वॅटच्या नॉर्मलाइज्ड पॉवरने, म्हणजे जोरातले चढउतार धरून काढलेल्या सरासरी पॉवरने, दीड तासाची राईड केली तर ॲप 84 गुण देईल. खरे होतात 70. रोज असं झालं की फिटनेस फुगलेला दिसतो आणि थकवाही.

गंमत पुढे आहे. चाचणी देऊन तुम्ही 220 भरता, तेव्हापासून त्याच राईडला 70 च गुण मिळतात. जुन्या राईडचे गुण बहुतेक ठिकाणी आपोआप बदलत नाहीत. त्यामुळे तुम्ही बळकट झालात आणि नेमकी तेव्हाच निळी रेष खाली झुकते. हे माहीत नसलेला माणूस लगेच व्यायाम वाढवतो. एफटीपी बदललेल्या तारखेला ग्राफवर नोंद टाकून ठेवा आणि पुढचे सहा आठवडे तिच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करू नका.

नवीन ॲप सुरू केल्यावरही असाच धोका असतो. ग्राफ शून्यापासून सुरू होतो, आधीची वर्षं त्याला ठाऊक नसतात. तुम्ही कित्येक महिने रोज सरासरी 50 गुणांची राईड करत असाल तरी 42 दिवसांनंतर तो सीटीएल 32 च्या आसपासच दाखवतो आणि फॉर्म उणे 18. प्रत्यक्षात तुम्ही ताजेतवाने असता. सुरुवातीचे दोन-तीन महिने फॉर्मच्या आकड्याकडे लक्षच देऊ नका.

फॉर्मला परवानगी समजणं

फॉर्म अधिकमध्ये आहे म्हणून तापातून उठल्या उठल्या अंजनेरीच्या बाजूला जोरात राईड मारणारे मी पाहिलेत. आजारात राईड बंद असते, थकव्याची रेष पडते आणि ग्राफ सांगतो की तुम्ही एकदम ताजे आहात. त्याला तापाची माहिती नसते. तसंच एप्रिलमध्ये सकाळी दहाला त्र्यंबकरोडवर 150 वॅट चालवले काय आणि डिसेंबरच्या थंडीत चालवले काय, गुण तेवढेच. शरीराला मात्र फरक कळतो. रात्रपाळी, मुलांची आजारपणं, घरचं लग्न, यातलं काहीच त्या रेषांत येत नाही.

मी स्वतः ग्राफ आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री बघतो, आणि उघडण्याआधी वहीत एक ओळ लिहितो: झोप किती, पाय कसे, मन लागतंय का. मग फक्त निळ्या रेषेचा चढ तपासतो. आठवड्याला 5 ते 8 ही वाढीची वरची मर्यादा मानली जाते. नोकरी सांभाळणाऱ्याला 3-4 पुरे, असं माझं मत आहे. वही आणि ग्राफ यांचं जुळलं नाही तर मी वहीचं ऐकतो.

मित्रानेही पुढच्या बीआरएमला दोन आठवडे फोनमधून ॲप काढून टाकलं. सकाळी स्टार्टला भेटला तेव्हा त्याने खिशातून घडी घातलेला कागद दाखवला. शेवटची ओळ होती: "शनिवार. झोप साडेसात तास. पाय हलके. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो." कसाऱ्यात त्या दिवशी त्याची नाडी 160 ला गेली आणि मला त्याच्या मागे राहणं जड गेलं.