मुंबईत नव्याने आलेल्या पालकांसाठी: गॅदरिंगच्या रिहर्सलचं वेळापत्रक कसं वाचावं

सोलापूरला आमच्या शाळेचं गॅदरिंग शाळेच्याच मैदानावर व्हायचं, मुलं घरून सजून चालत जायची. मुंबईत बहुतेक शाळांकडे तेवढी जागा नसते, त्यामुळे नाट्यगृह घेतलं जातं. नाट्यगृह मिळतं ते सत्रावर: सकाळ, दुपार किंवा रात्र. आपलं सत्र संपलं की पुढच्यांसाठी रंगमंच रिकामा करावाच लागतो. शाळेकडून येणारं रंगीत तालमीचं वेळापत्रक इतकं काटेकोर असतं ते यामुळेच. उशिरा आलेल्या ग्रुपची पाळी बहुधा परत येत नाही.

वेळापत्रकात प्रत्येक ग्रुपपुढे तीन गोष्टी असतात: कॉल टाइम, पिकअप टाइम आणि कपड्यांची यादी. कॉल टाइम म्हणजे नाच सुरू होण्याची वेळ नव्हे. त्या वेळेला मूल दारात हजर हवं. त्यानंतर हजेरी, मग ड्रेपरी म्हणजे नाचाचे भाड्याचे कपडे चढवणं, आणि मग रंगमंचावर जागा ठरवणं. शाळेच्या हॉलमध्ये बसवलेल्या रांगा मोठ्या रंगमंचावर विस्कटतात, म्हणून बाई प्रत्येकाला पुन्हा उभं करून दाखवतात. तीस मुलींना लुगडी नेसवायलाच बराच वेळ जातो.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही गोरेगावला राहता, तालीम शनिवारी दादरच्या शिवाजी मंदिरला आहे. धाकटी दुसरीत, कोळीनृत्यात: कॉल 8:15, पिकअप 12:30. थोरला पाचवीत, लेझीममध्ये: कॉल 11:00, पिकअप 3:00. पत्रकात ‘स्कूल बस नाही’ असं लिहिलेलं असेलच, एका कोपऱ्यात असलं तरी शोधा. रिक्षाने थेट जाऊ असं नव्या लोकांना वाटतं, पण रिक्षा वांद्र्याच्या पुढे शहरात जात नाही. टॅक्सी घ्या, नाहीतर लोकल. धीम्या गाडीला अर्धा-पाऊण तास धरा, वर स्टेशनपासूनचं चालणं आणि सकाळच्या फूलबाजाराची गर्दी. घरातून पावणेसातला निघालात तर लेकरू धापा टाकत पोचणार नाही. तालीम रविवारी असेल तर आदल्या दिवशी रेल्वेच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघितल्याशिवाय झोपू नका.

आता कपडे. यादीत दोन प्रकार मिसळलेले असतात आणि गोंधळ नेमका इथेच होतो. लुगडं, टोप्या, फेटे, लेझीम हे शाळा किंवा ड्रेपरीवाला देतो, ते तिथेच मिळतं आणि तिथेच परत जातं. स्किन कलरची स्लिप, काळी शॉर्ट, केसांची जाळी, यू पिना, सेफ्टी पिना हे आपण आणायचं. यादी हातात आली की प्रत्येक वस्तूपुढे ‘शाळा’ किंवा ‘घर’ असं लिहा, जिथे कळत नाही तिथे वर्गशिक्षिकांना विचारा. स्लिप आणि शॉर्ट घरूनच आत घालून पाठवा, कारण कपडे बदलायची खोली सगळ्यांची एकच असते. स्लिपऐवजी पांढरा बनियन चालेल असं समजू नका, दिव्यांत तो गळ्यापाशी लगेच दिसतो. गजरा यादीत असेल तर आदल्या दिवशी आणून कोमेजू देऊ नका. तुम्ही फूलबाजारातूनच जाणार आहात. लुगडं नेसवण्याआधी लघवीला जाऊन यायला मुलीला बजावून सांगा, एकदा पिना लागल्या की सोडवणं फार कठीण. डब्यात कोरडा खाऊ द्या. हळदीचा किंवा सॉसचा डाग पडला तर ड्रेपरीच्या डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

पिकअपला सगळ्यात जास्त लक्ष द्या. 12:30 म्हणजे मुलं ठरलेल्या दाराशी आणली जातात ती वेळ, आणि ड्रेपरी उतरवण्यात ती थोडी पुढेही सरकते. आत जाऊन मूल आणता येत नाही. मूल न्यायला येणाऱ्यासाठी शाळेने दिलेलं एस्कॉर्ट कार्ड लागतं, ते नसेल तर ओळखीचा चेहराही चालत नाही, आणि इतक्या गर्दीत तेच योग्य आहे. शेजारच्या काकू येणार असतील तर आदल्या दिवशी बाईंना लेखी कळवा आणि कार्ड काकूंकडे द्या.

आमच्या उदाहरणात खरी अडचण थोरल्याची आहे. तुम्ही एकटेच असाल तर तोही आठ वाजताच तुमच्यासोबत येणार, आणि कॉलच्या आधी शाळा त्याला आत घेईलच असं नाही. पत्रक मिळाल्याच्या दिवशी वहीत चिठ्ठी लिहून विचारा: ‘भावाला 11 पर्यंत प्रेक्षागृहात बसू द्याल का?’ आधी विचारलं तर बाई बहुधा सोय करतात, ऐनवेळी दारात विचारलं तर त्यांच्याही हातात काही नसतं. ‘नाही’ आलं तर 11 ला त्याला घेऊन येणारं दुसरं माणूस आत्ताच ठरवा. धाकटी सुटल्यावर अडीच तास उरतात. तेवढ्यात गोरेगावला जाऊन परत येण्याचा खटाटोप करू नका, तिला दादरलाच जेवू घाला आणि तीनच्या आधी दारापाशी या.